डिपॉझिट परतीचे कलम मराठीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर लिव्ह अँड लायसन्सवर देता-घेताना सगळ्यात जास्त भांडण डिपॉझिटवरून होते, आणि अनुवादाला येणाऱ्या कलमांत तेच कलम सगळ्यात जास्त वेळा माझ्या टेबलावर येते. म्हणून खालची सगळी उत्तरे एकाच कलमाभोवती आहेत. पुण्या-मुंबईच्या करारांत सर्रास दिसणाऱ्या साच्यातले ते आहे. इंग्रजी वाक्य मुद्दाम देवनागरीत लिहिले आहे. एकदा मोठ्याने वाचा, म्हणजे ते किती लांब आहे ते दमानेच कळेल.

«द लायसन्सॉर शॅल रिफंड द सिक्युरिटी डिपॉझिट, विदाउट इंटरेस्ट, टु द लायसन्सी विदिन थर्टी डेज ऑफ द लायसन्सी हँडिंग ओव्हर व्हेकंट अँड पीसफुल पझेशन ऑफ द प्रिमायसेस, सब्जेक्ट टु डिडक्शन ऑफ ऑल आउटस्टँडिंग ड्यूज अँड द रीझनेबल कॉस्ट ऑफ रिपेअरिंग एनी डॅमेज, फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड, प्रोव्हायडेड दॅट द लायसन्सॉर शॅल नॉट मेक एनी डिडक्शन अनलेस ही हॅज गिव्हन द लायसन्सी अ रिटन स्टेटमेंट ऑफ सच डिडक्शन्स.»

सुरुवात कुठून करायची? पहिल्या शब्दापासून?

नाही. आधी कागदावर कलम मोडून घ्यायचे. कोणी, कोणाला, काय, किती दिवसांत, कशानंतर, कोणत्या अटीवर आणि काय सोडून, एवढेच लिहायचे. वरच्या कलमात दोन कर्तव्ये लायसन्सॉरवर आहेत: पैसे परत करणे, आणि लेखी तपशील न देता काही न कापणे. लायसन्सीवर या कलमाने वेगळे कर्तव्य टाकलेले नाही. ताबा देणे ही इथे फक्त घड्याळ सुरू करणारी घटना आहे. तो द्यायचा कधी, हे करारात दुसरीकडे लिहिलेले असते.

हे आधी लिहून ठेवले नाही तर काय होते ते बघा. एका मसुद्यात मी वाचले होते: «लायसन्सीने जागेचा ताबा द्यावा व त्यानंतर लायसन्सॉरने ३० दिवसांत अनामत परत करावी.» वाचायला सुरेख, पण ताबा द्यायचे नवे कर्तव्य याच कलमात जन्माला आले. इंग्रजीत ते इथे नव्हते.

लायसन्सॉर आणि लायसन्सी यांना सरळ घरमालक आणि भाडेकरू का म्हणू नये? सगळे तसेच बोलतात.

बोलताना खुशाल म्हणा, करारात नको. महाराष्ट्रात हा फरक जुन्या जखमेसारखा आहे. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे: जागेत काही करण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. भाडेकरूला मात्र जागेत हक्क असतो. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत राहत असलेल्यांना भाडेकरू मानले गेले. तेव्हापासून इथल्या मालकांना आणि वकिलांना «भाडेकरू» हा शब्द दिसला की घाम फुटतो. एका शब्दावर न्यायालय निकाल देत नाही, संबंध खरा कसा होता ते पाहते, हे खरे. पण अनुवादकाने दुसऱ्या बाजूच्या हातात आयता मुद्दा का द्यावा?

मी दस्तांतली जुनी पद्धत वापरते. खरेदीखतात «लिहून देणार» आणि «लिहून घेणार» असतात, तसे इथे «परवाना देणार» आणि «परवाना घेणार». यात एक फायदा फुकट मिळतो. मालक बाई असोत, बुवा असोत की नवरा-बायको दोघे असोत, शब्द बदलावा लागत नाही. लायसन्सॉर-लायसन्सी हेच देवनागरीत ठेवले तरी चालते. मात्र पहिल्या पानावर जे ठरवाल तेच शेवटच्या पानापर्यंत पाळायचे.

«शॅल»साठी «परत करील», «परत करावी» की «परत करणे बंधनकारक राहील»?

राज्याच्या कायद्यांच्या मराठी पाठात «करील» हे रूप कर्तव्यासाठी रूढ आहे आणि वकिलांना ते कळते. पण करार वाचणाऱ्या सामान्य माणसाला «परत करील» हे भाकीत वाटते, उद्या पाऊस पडेल तसे. «करावी» त्याहून निसरडे आहे. «पाणी उकळून प्यावे» हा सल्ला असतो आणि «अर्ज शाईने भरावा» ही सक्ती असते. रूप तेच, अर्थ वाचणाऱ्याच्या मनावर.

म्हणून मी «बंधनकारक राहील» वापरते. जरा जड आहे, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. «शॅल नॉट»साठी «करता येणार नाही». «मे» आले तर «मुभा राहील», कारण «करू शकेल» मध्ये क्षमता आणि परवानगी दोन्ही मिसळतात. या तीन जोड्या एकदा ठरल्या की अख्ख्या करारात त्याच ठेवायच्या. शाळेत निबंधाला शब्द फिरवून लिहिल्याबद्दल गुण मिळायचे, तो हात इथे आवरावा लागतो. एका कलमात «बंधनकारक» आणि पुढच्यात «आवश्यक» लिहिले की कोणीतरी विचारणारच, दोन्हीत फरक काय म्हणून.

«विदिन थर्टी डेज» म्हणजे ३० दिवसांत. यात चुकण्यासारखे काय आहे?

मी चुकले आहे, म्हणून सांगते. सुरुवातीच्या काळात एका करारात मी «ताबा दिल्यावर ३० दिवसांनी» लिहून गेले. «त» च्या जागी «नी». मुदतीच्या आत कधीही द्यायचे पैसे मुदत संपल्यावरच द्यायचे झाले. तपासणाऱ्या वकीलबाईंनी पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला फक्त प्रश्नचिन्ह काढले. तेव्हापासून मी «३० दिवसांच्या आत» असेच लिहिते. «आत» हा सुटा शब्द आहे, तो टायपिंगमध्ये असा सहज गळत नाही.

दुसरे, ३० दिवसांचा «एक महिना» करू नका. फेब्रुवारीत दोन दिवस गेले, जुलैत एक वाढला.

आणि ताबा दिला तो दिवस धरायचा की नाही? मूळ इंग्रजीत ते स्पष्ट नाही. अशा ठिकाणी अनुवादकाचा हात शिवशिवतो, «ताबा दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून» लिहावेसे वाटते. लिहू नका. पक्षकारांनी जे ठरवले नाही ते ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. «ताबा दिल्यापासून» लिहा आणि वकिलासाठीच्या टिपेत प्रश्न टाका.

लांब वाक्य तोडले तर अर्थ बदलणार नाही का?

तोडावेच लागते. मराठीत क्रियापद शेवटी येते. वरचे वाक्य अखंड ठेवले तर «परत करणे बंधनकारक राहील» पर्यंत पोचेस्तोवर वाचणारा कोणी काय कधी द्यायचे ते विसरून गेलेला असतो. धोका तोडण्यात नसून तुकडे सुटे पडण्यात आहे. पहिल्या वाक्यात «अनामत परत करणे बंधनकारक राहील» असा पूर्णविराम आला आणि वजावट दुसऱ्या वाक्यात गेली, तर पहिले वाक्य एकटे वाचणाऱ्याला पूर्ण रक्कम परत मिळायची आहे असे वाटते. म्हणून पहिल्या तुकड्यातच दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, तेही क्रमांकाने. «वरीलप्रमाणे» म्हणजे किती वर, यावरून वाद होतात.

माझे कलम शेवटी असे झाले:

(१) परवाना घेणार यांनी जागेचा रिकामा व विनातंटा ताबा दिल्यापासून ३० दिवसांच्या आत, परवाना देणार यांनी सुरक्षा अनामत, पोटकलम (२) मधील वजावट करून, परवाना घेणार यांना बिनव्याजी परत करणे बंधनकारक राहील.

(२) वजावट पुढील रकमांची असेल: (क) भरायची राहिलेली सर्व देणी, आणि (ख) झालेल्या कोणत्याही नुकसानीच्या दुरुस्तीचा वाजवी खर्च. वाजवी वापराने झालेली झीज नुकसानीत धरली जाणार नाही.

(३) मात्र, वजावटीचा लेखी तपशील परवाना घेणार यांना दिलेला असल्याशिवाय परवाना देणार यांना कोणतीही वजावट करता येणार नाही.

(२) मध्ये «पुढील दोनच रकमांची» असे का नाही लिहिले? जास्त स्पष्ट झाले असते.

स्पष्ट झाले असते, पण «च» मूळात नाही. या दोन रकमांखेरीज करारातल्या दुसऱ्या एखाद्या कलमाने, समजा दंडाच्या कलमाने, वजावट चालते की नाही, हे हे कलम सांगत नाही. मी «च» लावला असता तर ते दार माझ्या हाताने बंद झाले असते. «च», «तरच», «फक्त», «देखील» हे शब्द मराठी वाक्यात मिठासारखे पडतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मसुदा झाल्यावर मी एकदा नुसते तेवढेच शोधत सगळे पान वाचते.

तशीच गोष्ट «जागेच्या नुकसानीची». इंग्रजीत नुसते «एनी डॅमेज» आहे. ते जागेचेच असणार असे कोणीही म्हणेल. पण फर्निचर जागेसोबत दिलेले असेल तर? म्हणून «जागेच्या» हा शब्द लिहून मी पुन्हा खोडला.

«थकबाकी» हा सोपा शब्द सोडून «भरायची राहिलेली देणी» का?

थकबाकी म्हणताना मुदत उलटून गेल्याचा वास येतो. विजेचे बिल आले आहे, भरायची तारीख अजून आठ दिवसांवर आहे, त्याला आपण थकबाकी म्हणत नाही. «आउटस्टँडिंग» मध्ये तेही येऊ शकते. शब्द अरुंद केला तर मालकाचे नुकसान. «येणे बाकी» हा हिशेबातला छान शब्द आहे, पण तो मालकाच्या बाजूने बोलतो आणि वीज कंपनीचे किंवा सोसायटीचे देणे त्यात बसत नाही.

आणखी एक: «वाजवी» हे विशेषण फक्त दुरुस्तीच्या खर्चाला आहे. «वाजवी थकबाकी व दुरुस्तीखर्च» असे लिहिले की ते दोन्हींना चिकटते आणि बिल वाजवी आहे का यावर वाद घालता येतो. मराठीत विशेषण आधी येते आणि पुढे दिसेल त्याला कवेत घेते. (क) आणि (ख) अशी फोड केली ती त्यासाठीच.

«फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड» चे काय करायचे?

आधी कान नाही, डोळे वापरायचे. इंग्रजीत «वगळलेले» आणि «स्वीकारलेले» या दोन्ही शब्दांचा उच्चार जवळपास एकच. डिक्टेशनवरून टाइप झालेल्या मूळ करारात चुकीचे स्पेलिंग पडलेले मी पाहिले आहे, आणि त्याचा «झीज मान्य केली आहे» असा प्रामाणिक अनुवादही.

मग «नैसर्गिक झीज» लिहू नका. ऊन-पावसाने रंग उडाला ती नैसर्गिक झीज. रोज उघड-बंद करून कडी सैल झाली, ती वापराने झालेली. मूळ कलम दोन्ही सोडून देते. मी «वाजवी वापराने झालेली झीज» लिहिले तर उन्हाने उडालेला रंग बाहेर पडतो का, असे एकाने मला विचारले, आणि प्रश्न रास्त होता. घर राहण्यासाठी वापरत असताना काळाने जे होते ते या शब्दांत बसते असे माझे मत आहे. तुम्हाला शंका वाटत असेल तर «वाजवी वापराने व काळानुसार झालेली झीज» करा, फक्त वकिलाला दाखवून.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे «शिवाय». «झिजेशिवाय झालेल्या नुकसानीचा खर्च» म्हणजे झीज सोडून, की झीज आहेच आणि वर नुकसानही? मराठीत «शिवाय» दोन्हीकडे जाते: «तुझ्याशिवाय कोणी नाही» आणि «पगार, शिवाय भत्ता». (३) मध्ये मी «असल्याशिवाय» वापरले आहे, ते चालते, कारण क्रियापदाला जोडून पुढे नकार आला की त्याचा एकच अर्थ उरतो. नामाला मात्र ते लावू नये, तिथे «वगळून» लिहावे किंवा माझ्यासारखे वेगळे वाक्य करावे.

«त्यांनी», «आपल्या» ही सर्वनामे टाळायची का?

करारात, हो. मूळात «ही» आहे, म्हणजे «तो». मराठीत मालकाला «तो» म्हणवत नाही, म्हणून हात आपोआप «त्यांनी» लिहितो. «त्यांनी लेखी तपशील दिल्याशिवाय» म्हणजे कोणी? मालकांनी, राहणाऱ्यांनी की दोघांनी मिळून? आपल्याकडे आदर दाखवायला अनेकवचन लागते आणि करारात तो आदर महाग पडतो.

«आपल्या» त्याहून फसवे आहे. «परवाना देणार यांनी परवाना घेणार यांना आपल्या खर्चाने रंगकाम करू द्यावे.» खर्च कोणाचा? व्याकरण एकाकडे झुकते, व्यवहार दुसऱ्याकडे. नाव पुन्हा लिहा. कानाला खडबडीत लागले तर लागू दे.

दस्तलेखकांचा ठरलेला शब्दसमूह आहे, «खुला, निर्वेध व शांततामय ताबा». तो का नको?

ऐकायला भारदस्त आहे, पण मूळात दोनच गोष्टी आहेत: जागा रिकामी असावी, आणि ताबा देताना तंटा नसावा. «निर्वेध» ही तिसरी अट झाली. उद्या मालक म्हणाला की ताबा निर्वेध नव्हता, म्हणून ३० दिवस सुरूच झाले नाहीत, तर? जुन्या दस्तांतली भाषा मला आवडते, पण तिच्यात शब्द जोडीने आणि तिळ्यांनी येतात. प्रत्येक जास्तीचा शब्द पैसे परत मिळण्याच्या वाटेवर एक दगड ठेवू शकतो.

अनुवाद बरोबर झाला हे कळणार कसे?

इंग्रजी न दाखवता तो एखाद्या चाणाक्ष माणसाला द्यायचा आणि एक उदाहरण सोडवायला सांगायचे. मी सोसायटीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना देते. अनामत ६०,००० रुपये. ताबा दिला ५ जूनला. विजेचे २,३४० रुपये भरायचे राहिले आहेत. खिडकीची काच फुटली आहे, ती बदलायला १,८०० रुपये लागतात. हॉलचा रंग फिका पडला आहे, पुन्हा द्यायचा तर ९,००० रुपये. किती परत मिळायला हवेत, आणि कधीपर्यंत?

त्यांनी वाचून उत्तर दिले: तपशील लेखी दिला असेल तर ५५,८६० रुपये. रंगाचे कापता येणार नाहीत. तपशील दिला नसेल तर ६०,०००. तारीख सांगताना ते अडले: ५ जून धरायचा की सोडायचा, त्याप्रमाणे ४ किंवा ५ जुलै. मला नेमके हेच हवे होते. जिथे इंग्रजी वाचणाराही अडतो तिथेच मराठी वाचणारा अडला. ते दुसरीकडे कुठे अडले असते, किंवा इथे न अडता ठाम तारीख सांगून मोकळे झाले असते, तर दोष माझ्या मसुद्यात असता.

उलट अनुवादही करून घेते, पण तो मूळ न पाहिलेल्या माणसाकडून. स्वतःचा स्वतः केला तर आपण मनातले इंग्रजीच परत लिहितो.

मूळ कलमातच गोंधळ असेल तर तो मराठीत नीट करावा का?

नाही. तो गोंधळ तसाच आणायचा आणि वेगळ्या पानावर कळवायचा. या कलमाबरोबर मी तीन प्रश्न पाठवले: ताबा दिला तो दिवस मुदतीत धरायचा का, ताबा दिल्यानंतर येणारे शेवटचे वीजबिल «देणी» मध्ये येते का, लेखी तपशील व्हॉट्सअ‍ॅपवर दिला तर चालेल का. वकिलांनी पहिल्या दोन प्रश्नांवर इंग्रजी कलमच दुरुस्त केले. तिसरे तसेच ठेवले, मग मीही «लेखी» एवढेच ठेवले.

दोन्ही भाषांतल्या प्रती असतील तर खरी कोणती?

करारात जी लिहिली असेल ती. बहुतेक वेळा «फरक आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाईल» असे शेवटी असते. ते वाक्य मराठी प्रतीतही पहिल्या पानावर, ठळक असावे असा माझा आग्रह असतो, कारण सही करणारा बहुधा मराठीच वाचणार असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. म्हणून नोंदणीला कोणती प्रत जाणार हे आधीच विचारून घ्या. मराठीच जाणार असेल तर तुमचे काम अनुवाद म्हणून तपासून भागत नाही, वकिलाने ते मसुदा म्हणून पुन्हा वाचायला हवे, आणि त्याचे पैसे व दोन दिवस वेगळे धरायला हवेत.